पुनर्विकास करारनामा

हा करारनामा आज दिनांक 12 जून 2025 रोजी जळगाव मुक्कामी, महाबळ परिसरातील 24 सदनिकांची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था (यापुढे ‘संस्था’) व परिशिष्ट ‘अ’ मध्ये नाव-पत्ता नमूद केलेला विकासक (यापुढे ‘विकासक’) यांच्यात करण्यात येत आहे. सहकार उपनिबंधकांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यासमक्ष झालेल्या विशेष सर्वसाधारण सभेत 21 सभासदांनी लेखी संमती देऊन विकासकाची निवड केली आहे.

1. क्षेत्र : उभयतांनी एकत्र मोजलेल्या सध्याच्या चटईक्षेत्रावर प्रत्येक सभासदास 25 टक्के वाढीव क्षेत्र विनामूल्य मिळेल, म्हणजे 480 चौरस फुटांच्या सदनिकेऐवजी 600 चौरस फूट. येथे चटईक्षेत्र म्हणजे रेरा अधिनियम, 2016 मधील व्याख्येप्रमाणेचे क्षेत्र असून बाल्कनी व बाहेरील भिंती त्यात धरावयाच्या नाहीत. ताब्याच्या वेळी क्षेत्र कमी भरल्यास विकासक प्रति चौरस फूट 6,000 रुपये भरपाई देईल. उन्हाळ्यात कूलरवाचून येथे निभत नाही, म्हणून प्रत्येक सदनिकेच्या एका खिडकीबाहेर कूलरसाठी सिमेंटचा कट्टा व नळजोड देणे विकासकावर बंधनकारक आहे.

2. तात्पुरते भाडे : बांधकाम परवानगी व बँक हमी संस्थेच्या हाती आल्याखेरीज सभासद घरे रिकामी करणार नाहीत. रिकामी करण्यापूर्वी विकासक प्रत्येकास दरमहा 9,500 रुपयांप्रमाणे 11 महिन्यांचे भाडे आगाऊ देईल. त्यानंतरचे भाडे 10 टक्के वाढीसह पुढील तारखांच्या धनादेशांनी द्यावे. जाण्या-येण्याचा सामान वाहतूक खर्च 24,000 रुपये व एक महिन्याची दलाली वेगळी राहील. भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा घेण्याची लेखी सूचना दिल्यावर 30 दिवसांनी भाडे थांबेल.

3. कॉर्पस निधी : प्रति सदनिका 2 लाख, एकूण 48 लाख रुपये. निम्मी रक्कम घरे रिकामी होताना व निम्मी ताब्यापूर्वी संस्थेच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावी. सध्याच्या तीन मजली इमारतीत लिफ्ट नाही. नव्या सात मजली इमारतीतील लिफ्ट व पंपाचा देखभाल खर्च व्याजातून भागावा, एवढ्यासाठीच हा निधी आहे, त्यामुळे मूळ रक्कम सभासदांत वाटता येणार नाही.

4. विलंब : सर्व घरे रिकामी झाल्यापासून 24 महिन्यांत भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा द्यावा. त्यापुढे तीन महिने केवळ भाडे चालू राहील. नंतर भाड्याव्यतिरिक्त प्रति सदनिका प्रतिदिन 500 रुपये दंड लागेल. विलंब एकूण 9 महिन्यांवर गेल्यास संस्थेस करार रद्द करून प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के रकमेची बँक हमी वटवता येईल. न्यायालयीन किंवा शासकीय स्थगिती विकासकाच्या चुकीने आलेली नसेल तरच तो काळ वगळला जाईल. सिमेंट-सळईचे भाव चढणे, मजूर गावी जाणे वा विक्रीच्या सदनिकांना गिऱ्हाईक न मिळणे ही कारणे धरली जाणार नाहीत.

5. विकासक आपले हक्क तिसऱ्यास हस्तांतरित करणार नाही. मुद्रांक व नोंदणी शुल्क तोच भरेल.

वरील मजकूर वाचून व समजून घेऊन, संस्थेतर्फे अध्यक्ष व सचिव आणि स्वतः विकासक यांनी दोन साक्षीदारांसमक्ष प्रत्येक पानावर सह्या केल्या आहेत.