दहावीतील विद्यार्थ्यास उपस्थिती व परीक्षेत सवलत मिळण्याबाबत विनंतीअर्ज

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,

महोदया,

माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता दहावी ‘ब’मध्ये शिकतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर स्कूलबसमध्ये आणि मधल्या सुट्टीत काही वर्गमित्रांनी त्याच्या तोतरेपणाची सतत नक्कल केली, दोनदा डबा फेकून दिला, आणि तेव्हापासून गणवेश घालून तयार झाला तरी दारातच त्याला उलट्या होतात. हा आळस नव्हे, हे बालमानसोपचारतज्ज्ञांच्या सोबत जोडलेल्या प्रमाणपत्रावरून लक्षात येईल.

सीबीएसईची ७५ टक्के उपस्थितीची अट मला ठाऊक आहे. तथापि वैद्यकीय कारणास्तव तीत सूट मिळू शकते व त्यासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जावा लागतो, म्हणून तो मुदतीत पाठवावा, ही विनंती. पूर्वपरीक्षा त्याला ग्रंथालयात स्वतंत्रपणे देऊ द्यावी आणि तोंडी परीक्षा विषयशिक्षकांनी त्याची एकट्याची घ्यावी. बुडालेल्या चाचण्याही पुन्हा घ्याव्यात. शाळा सुरू करताना आरंभी अर्धा दिवसच यावे, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. तुकडी बदलायचीच झाल्यास ती त्रास देणाऱ्यांची बदलावी, त्याची नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे.

कृपया लेखी उत्तर द्यावे.

आपली विश्वासू,
विद्यार्थ्याची आई