कुईं-खट्ट, कुईं-खट्ट, बंडी चालली

ताई, बंडीच्या गोष्टीच्या त्या घडीच्या लांब पानाचं मराठी झालं एकदाचं, पाठवते आहे. तुमच्या अंगणवाडीत सोमवारी वाचायचं म्हणालात म्हणून काल रात्री बसून पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून पाहिलं, माझा भाचा समोर होता, साडेचार वर्षांचा, जिथं तो खिडकीकडं पाहायला लागला तिथली वाक्यं मी सरळ कापली.

मूळ पान हिंदीत आहे. तिथं बैलगाडी "चूँ-चर्र, चूँ-चर्र" करते, आधी मी तेच ठेवलं होतं, पण आपल्याकडची बंडी चूँ-चर्र करतच नाही हो. लहानपणी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणारी बंडी ऐकली आहे मी, आसाचा आवाज कुईंऽऽ असा लांब, आणि गोट्यावरून चाक उतरलं की खट्ट. म्हणून कुईं-खट्ट. चित्रात गाडी पांढऱ्या ढिगानं भरलेली आहे, हिंदीतही कपासच लिहिलं आहे, त्यामुळं तिथं काही बदलावं लागलं नाही. माकडाचं तोंड चित्रात काळं आहे म्हणून त्याला वानर केलं, पोरं रोज पाहतात ना ते हरभऱ्यात, लगेच ओळखतील.

नरेशन बहुतेक साधं ठेवलंय, बोलणं मात्र आपलं वऱ्हाडी. पान एकदम उघडू नका. तीन घड्या आहेत, एकेक उघडा.

(पहिली घडी. चित्रात बंडी, दोन बैल, ढिगावर गुड्डी. बैल म्हणजे मोऱ्या आणि बांड्या, नावं मी घातली, हिंदीत नुसते बैल होते.)

बंडी चालली, बंडी चालली,
कापूस भरून बंडी चालली.
पुढं मोऱ्या, पुढं बांड्या,
गळ्यात घुंगरं, छुन छुन छुन.
ढिगावर बसली आपली गुड्डी,
मऊ मऊ, मऊ मऊ.

आणि चाक करतं...
कुईं-खट्ट! कुईं-खट्ट!

गुड्डी म्हणते,
"आबाजी, आबाजी, बंडी रडते काहून?"
आबाजी म्हणतात, "मले का मालूम पोरी? चाल मोऱ्या, हो बांड्या, हुर्रर्र!"

बंडी चालली, बंडी चालली.
कुईं-खट्ट! कुईं-खट्ट!

रस्त्यात भेटला कोंबडा.
कुकूऽऽच कू!
"काहून रडते व बंडी?"
"माहीत नाही गा कोंबड्या."
"भूक लागली असन! तिले दाणे द्या!"
कोंबड्यानं दिले दाणे.
टुक टुक टुक, टुक टुक टुक.
ज्वारीचे दाणे चाकापाशी.

बंडीनं खाल्ले का?
नाही खाल्ले!
कुईं-खट्ट! कुईं-खट्ट!

(हे "नाही खाल्ले" पोरांनाच म्हणू द्या, तुम्ही फक्त "बंडीनं खाल्ले का?" विचारून मान हलवा. पहिल्यांदा कोणी बोलणार नाही कदाचित, दुसऱ्या जनावराला दोन पोरं बोलतील, तिसऱ्याला सगळी बोंबलतील. पोडावरून येणाऱ्या तुमच्या त्या पोरांच्या घरी कोलामी बोलतात ना, त्यांना भूक, पाला, पाणी हे शब्द हळूहळू येतील, पण कुईं-खट्ट पहिल्याच दिवशी येतं, ते त्यांचंही आहे. मला तर वाटतं या पानाचा अर्धा जीव तिथंच आहे, म्हणून आवाज कुठंच कमी केले नाहीत.)

(दुसरी घडी.)

बंडी चालली, बंडी चालली.
कुईं-खट्ट! कुईं-खट्ट!

रस्त्यात भेटली बकरी.
म्यांऽह्यां ह्यां ह्यां!
"काहून रडते व बंडी?"
"माहीत नाही व बकरे."
"तोंडाले चव नसन! तिले पाला द्या!"
बकरीनं दिला पाला.
हिरवा हिरवा बाभळीचा पाला.
कुरुम कुरुम, कुरुम कुरुम...
अरे! अर्धा पाला बकरीनंच खाल्ला!

बंडीनं खाल्ला का?
नाही खाल्ला!
कुईं-खट्ट! कुईं-खट्ट!

रस्त्यात आला नाला.
नाल्यात बसली म्हैस.
नुसतं डोकं वर, नुसते कान वर.
हंऽऽऽम्म!
"काहून रडते व बंडी?"
"माहीत नाही व म्हशी."
"गरम होत असन! तिले पाण्यात घाला!"
बंडी गेली नाल्यात.
छपाक छपाक! छपाक छपाक!
मोऱ्याचे पाय ओले, बांड्याचे पाय ओले,
चाकं ओली,
गुड्डीच्या नाकावर एक थेंब...
टप्प!

बंडी चूप झाली का?
(इथं थांबा. खरंच थांबा, पाचपर्यंत मनात मोजा, पोरांना वाटलं पाहिजे झाली चूप.)
कुईंऽऽऽ-खट्ट!
नाही झाली!

(म्हशीवर मी खूप वेळ घालवला. हिंदीत तिथं हाथी होता, चित्रात मात्र पाण्याबाहेर नुसतं एक करडं डोकं आणि कान दिसतात, सोंड पाण्यात आहे, मी चारचारदा पाहिलं, कोणालाही ती म्हैसच वाटते. आपल्या नाल्यात हत्ती बसला असं वाचलं तर पोरं हसतील पण गोष्टीतून बाहेर जातील. ज्याला पटत नसेल त्यानं हत्ती वाचावं, "हंऽऽऽम्म" हत्तीलाही चालेल.)

रस्त्याच्या काठी बोरीचं झाड.
झाडावर वानर.
हुप्प! हुप्प!
"काहून रडते व बंडी?"
"माहीत नाही गा वानरा."
"खेळाले कोणी नसन! थांबा, म्या खेळतो!"
वानरानं हलवली फांदी.
सळसळ सळसळ...
टप टप टप टप टप टप!
बोरंच बोरं!
कापसात बोरं, गुड्डीच्या ओट्यात बोरं,
आबाजीच्या टोपीवर एक बोर...
टुण्ण!

गुड्डी हसली खी खी खी.
आबाजी हसले खो खो खो.
वानर हसलं हुप्प हुप्प हुप्प.

बंडी हसली का?
नाही हसली!
कुईं-खट्ट! कुईं-खट्ट!

(तिसरी घडी. आता हळू वाचा. इथं चित्रात संध्याकाळ आहे, घर दिसतं, दारात आजी.)

दाणे दिले, तरी कुईं.
पाला दिला, तरी कुईं.
पाण्यात घातली, तरी कुईं.
बोरं पडली, तरी कुईं.

बंडी चालली, हळू चालली,
कुईं... खट्ट.
कुईं... खट्ट.

दारात उभी आजी.
आजी म्हणते, "थांबवा जी बंडी."
बंडी थांबली.
आजी वाकली.
आजीनं चाकाले कान लावला.
शूऽऽऽ...
कोंबडा चूप. बकरी चूप. म्हैस चूप. वानर चूप.
(ती सगळी मागं मागं आली आहेत, चित्रात पोरांना शोधू द्या. म्हैस शेवटी आहे, अजून ओलीच.)

आजी म्हणते,
"गुड्डे, बंडीले दाणे नाही पाह्यजे.
पाला नाही पाह्यजे.
बोरं तं बिलकुल नाही पाह्यजे.
बंडीले पाह्यजे...
तेल!"

बंडीखाली होतं एक नळकांडं.
बांबूचं नळकांडं, दोरीनं बांधलेलं.
आत काय? एरंडीचं तेल.
काळं काळं, चिकट चिकट.
आबाजीनं लाकूड टेकवलं... हंऽऽ हुश्श!
चाक उचललं.
खीळ काढली... टंग!
चाक सरकवलं... सर्रर्र.
आजीनं घेतली चिंधी,
चिंधी बुडवली तेलात,
तेल लावलं आसाले.
चपड चपड, चपड चपड.
गुड्डीनं लावलं, चपड चपड.
गुड्डीच्या हाताले तेल, गुड्डीच्या गालाले तेल,
बकरीच्या दाढीले तेल! (बकरी मध्ये कशी आली, चित्रात पाहा.)
चाक सरकवलं... सर्रर्र.
खीळ बसवली... टंग!

(हा तुकडा हिंदीत एकच ओळ होता, तेल लावलं आणि आवाज बंद झाला, बस. पण चित्रात मात्र सगळं काढलेलं आहे, टेकू, बाहेर काढलेली खीळ, नळकांडं, चिंधी, चित्रकारानं इतकं मनापासून काढलंय की ते न वाचता पुढं जाणं मला जमलं नाही. आता गावात लाकडी चाकाच्या बंड्या राहिल्या किती, बहुतेकांना रबरी टायर आले आणि बाकी ट्रॅक्टर, पोरांनी वंगण घालताना पाहिलेलंच नसणार. त्यांच्या आजोबांना विचारायला लावा नळकांड्याचं, कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यात टांगलेलं असेल. "चपड चपड" म्हणताना दोन्ही तळवे एकमेकांवर घासा, पोरंही घासतील.)

"चाल मोऱ्या, हो बांड्या, हुर्रर्र!"

बंडी चालली, बंडी चालली...
(कान द्या म्हणा पोरांना.)

... खट्ट.

... खट्ट.

घुंगरं वाजली, छुन... छुन... छुन.
कुईं कुठं गेलं?
गेलं!

कोंबडा निजला. कूऽऽ...
बकरी निजली. म्यांऽऽ...
म्हैस निजली. हंऽऽम्म...
वानर निजलं फांदीवर, शेपटी खाली लोंबते.
मोऱ्या खातो कुटार, बांड्या खातो कुटार,
कचर कचर, कचर कचर.
गुड्डी निजली कापसात.
मऊ मऊ, मऊ मऊ.

शूऽऽऽ...

आणि दूर, तिकडं रस्त्यावर, अंधारात...

कुईंऽऽऽ-खट्ट.

"आजी! व आजी! ते कोणाची बंडी व?"