नववी अ आणि ब : गणिताच्या गुणांचा बॉक्स प्लॉट

बाई,

शनिवारच्या पालकसभेआधी सोबतचं चित्र एकदा माझ्यासोबत नीट बघा. प्रथम सत्राचे गणित भाग 1 चे गुण आहेत, 40 पैकी. डावीकडची चौकट अ ची, उजवीकडची तुमच्या ब ची.

परवा शिक्षकखोलीत सगळे म्हणाले, ब पुढे आहे. चौकटीतली आडवी रेघ, म्हणजे मध्यक, अ मध्ये 24 वर आणि ब मध्ये 26 वर आहे, एवढं खरं. पण चौकटींची उंची बघा. अ ची चौकट 21 ते 27, मधली निम्मी मुलं 6 गुणांत मावली आहेत. ब ची 14 ते 31, म्हणजे 17 गुणांची. एकाच वर्गात एकच उदाहरण काहींना सोपं आणि काहींना अगम्य वाटत असणार.

अ मधली रेघ चौकटीच्या बरोबर मध्ये आहे, वरखालच्या दांड्याही जवळपास सारख्या (15 आणि 33 पर्यंत). ब ची रेघ वर सरकली आहे: तिच्यावर 5 गुणांची जागा, खाली 12 ची. खालची दांडी 4 पर्यंत उतरते, वरची 38 वर थांबते. ही ऋण विषमता. वरची मुलं दाटीने, खालची विखुरलेली. अशा वेळी सरासरी बहुधा मध्यकाच्या खाली येते, म्हणून पालकांना नुसती सरासरी सांगू नये असं मला वाटतं.

आता ठिपक्यांबद्दल, कारण माझी खरी काळजी इथे आहे. अ मध्ये दोन ठिपके आहेत, 5 आणि 39. ब मध्ये एकही नाही. म्हणून ब मध्ये काळजीचं कोणी नाही, असं मुळीच नाही. चौकटीच्या उंचीची दीडपट खाली आणि वर मोजतात, त्यापलीकडचे गुण ठिपका होतात. अ साठी दीडपट 9, म्हणून 12 च्या खाली आणि 36 च्या वर ठिपका. ब साठी दीडपट 25.5, 14 मधून वजा केले की उत्तर शून्याच्याही खाली जातं आणि 31 मध्ये मिळवले की 40 च्या पुढे. त्या वर्गात ठिपका पडूच शकत नाही. अ मधला 5 गुणांचा मुलगा सगळ्यांच्या नजरेत आला. ब मधला 4 गुणांचा दांडीच्या टोकाशी दडून राहिला.

उत्तीर्णतेची रेषा 14 वर आहे आणि ब चा पहिला चतुर्थकही 14. वर्गात 44 मुलं, म्हणजे निदान 11 जण त्या रेषेवर किंवा तिच्याखाली. ती एकत्र आहेत की पसरलेली, हे चौकट सांगत नाही, म्हणून मूळ गुणपत्रक काढलं. सात जण 9 ते 12 मध्ये आहेत.

त्या 11 उत्तरपत्रिका माझ्या कपाटात वेगळ्या ठेवल्या आहेत. शुक्रवारी मधल्या सुट्टीत बसूया का?