बियांची गंमत
इयत्ता तिसरी : परिसर अभ्यास (उत्तरे वहीत लिहा)

पाऊस ओसरला की शाळेमागच्या बांधावर आघाडा माजतो. तिथून एक चक्कर मारून या आणि आपली पँट किंवा फ्रॉक नीट पाहा. काही चिकटलंय? ते आघाड्याचं बी! एक काढून बोटावर फिरवा. कुठून टोचतं?

१. किती बिया चिकटल्या ते मोजा. एकीचं मोठं चित्र काढा.

२. तेरड्याची फुगलेली, पिकलेली शेंग हलकेच चिमटीत धरा. काय झालं? बिया किती लांब उडाल्या ते वितीने मोजा. (घाबरू नका, दचकायला सगळ्यांनाच होतं.)

३. उन्हाळ्यात 'म्हातारी' उडताना पाहिली असेल. ते रुईचं बी. त्याला पांढरे केस कशाला हवेत? रुईचं पान मात्र तोडू नका, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार झोंबतं.

४. घरून हरभऱ्याचे पाच दाणे आणि मक्याचे पाच दाणे आणा. रात्रभर भिजवा. सकाळी हरभऱ्याचं साल काढून दाणा उघडा. किती डाळिंब्या झाल्या? मक्याचे तसे दोन भाग होतात का?

५. उरलेले दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. चार दिवस रोज सकाळी पाहा. आधी काय बाहेर आलं, मूळ की पान? रोजचं चित्र तारखेसह काढा.

६. आजीला विचारा : पुढच्या पेरणीसाठी बी कशात ठेवायचे? त्यात राख किंवा कडुलिंबाचा पाला का घालायचे?