तुमच्या मुलीच्या दाढांचा एक्स-रे : दोन डाग आणि आत्ता काय करायचं

पांढरकवडा, १४ नोव्हेंबर

भाऊ, नमस्कार.

काल वहिनी मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. कापसाची वेचणी सुरू असल्यामुळे तुम्हाला येता आलं नाही. जाताना वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, घरी गेल्यावर हे मला काही नीट सांगता येणार नाही, तुम्हीच लिहून द्या." म्हणून ही चिठ्ठी. सोबत एक्स-रेची प्रिंट आहे. त्यावर दोन ठिकाणी मी लाल पेनाने बाण काढले आहेत. ती समोर ठेवूनच वाचा.

मुलगी आली होती उजव्या खालच्या दाढेसाठी. त्या दाढेवरचा खड्डा डोळ्यांनी दिसत होता, तो कालच भरला. पण १४ व्या वर्षी एका दाढेला कीड लागली असेल तर बाकीच्या दाढांच्या मधल्या फटी बघाव्याच लागतात. दोन दाढा एकमेकींना चिकटून असतात, तिथे ना आरसा पोचतो ना ब्रश. म्हणून तोंडात छोटी पट्टी ठेवून ती दातांनी चावायला लावून एक्स-रे काढतात. डावीकडचा एक, उजवीकडचा एक. त्यात वरच्या आणि खालच्या दाढांचे वरचे भाग एकाच फोटोत दिसतात. वहिनींना किरणांची भीती वाटली, ती रास्तच आहे. या दोन्ही फोटोंचे मिळून किरण फार थोडे असतात. जमिनीतून आणि आकाशातून आपल्या अंगावर एका दिवसात आपोआप जेवढे किरण पडतात, साधारण तेवढेच, किंवा त्याहून कमी.

आता प्रिंट बघा. प्रिंटची उजवी बाजू म्हणजे मुलीची डावी. प्रत्येक दाढेवर बाहेरून टोपीसारखा जो सगळ्यात पांढरा थर आहे, ते इनॅमल. त्याच्या आतला करडा भाग डेंटिन. अगदी मधली काळी जागा म्हणजे दाताची नस. जिथला खनिजाचा भाग विरघळतो, तिथे एक्स-रेत काळपट दिसतं.

पहिला बाण मुलीच्या डावीकडच्या खालच्या मोठ्या दाढेच्या पुढच्या बाजूला आहे. तिथे पांढऱ्या थरात काळसर त्रिकोणी खाच दिसेल, रुंद बाजू बाहेर आणि टोक आत. ती थराच्या अर्ध्यापर्यंतही गेलेली नाही. दुसरा बाण शेजारच्या छोट्या दाढेच्या मागच्या बाजूला आहे. तिथली खाच थोडी खोल आहे, थराच्या आतल्या अर्ध्या भागात शिरली आहे, पण करड्या भागात अजून नाही. दोन्ही डाग समोरासमोर आहेत, कारण दोन दाढा टेकतात त्याच्या जरा खाली एकाच जागी चिकट थर साचून राहतो. मुलीच्या उजव्या बाजूच्या फोटोत फटींमध्ये मला कीड दिसली नाही. दाढांच्या मानेपाशी, हिरडीच्या जवळ जो धूसर पट्टा दिसतो, तो किडीचा नाही. एक्स-रेत तिथे तसंच दिसतं, त्यामुळे घाबरू नका. हाडही चांगलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. एक्स-रे किडीची खोली खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो. आणि दाताचा पृष्ठभाग फुटून खड्डा पडलाय की नुसता आतून मऊ झालाय, हेही तो सांगत नाही. पण इनॅमलपुरता डाग असेल तर बहुतेक वेळा वरचा पृष्ठभाग शाबूत असतो.

मग ते लगेच का भरलं नाही, हे तुम्ही विचारालच. फटीतल्या त्या डागापर्यंत जायचं तर वरून चांगली दाढ कोरावी लागते. एकदा भरलेली दाढ आयुष्यभर भरलेलीच राहते. काही वर्षांनी ते सिमेंट बदलावं लागतं आणि दर वेळी खड्डा थोडा मोठा होतो. तुम्ही कपाशी करता. बोंडअळीची डोमकळी दिसली म्हणून कुणी पऱ्हाटी उपटत नाही. ती डोमकळी तोडून नष्ट करायची, कामगंध सापळे लावायचे आणि शेतावर नजर ठेवायची. आपण आत्ता त्याच टप्प्यावर आहोत. फरक इतकाच, की दातात अळी नसते. आठवडी बाजारात धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवतात, त्यांच्याकडे कृपा करून मुलीला नेऊ नका. ही कीड म्हणजे आम्लाने झालेली झीज आहे. गोड किंवा पिठूळ खाल्लं की चिकट थरातले जंतू आम्ल करतात आणि ते इनॅमलमधलं खनिज ओढून काढतं. मध्ये वेळ मिळाला तर लाळ ते खनिज परत भरते. तोंड दिवसभर चालूच राहिलं तर तिला तो वेळच मिळत नाही.

मुलगी खरं बोलली, त्याचं मला कौतुक वाटलं. सकाळी गोड चहा-टोस्ट, एसटीची वाट बघताना चॉकलेट, मधल्या सुट्टीत पाच रुपयांचा पुडा, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट, आणि रात्री अभ्यास करताना आणखी काहीतरी. साखर किती, यापेक्षा किती वेळा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गोड जेवणासोबत खाऊ द्या, सणाला पुरणपोळी खाऊ द्या. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे चालतील. रात्री ब्रश केल्यानंतर मात्र पाण्याशिवाय काही नको.

ती आजीचं लाल मंजन बोटाने लावते. ते बंद करा. फ्लोराईडची पेस्ट घ्या, ट्यूबवर १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं असावं. दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढी. नंतर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही.

इथे वहिनींनी फार नेमका प्रश्न विचारला : "आमच्या गावात बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड, त्यानेच तर पोरांचे दात पिवळे झाले, मग पुन्हा तेच लावायचं?" आपल्या भागात ही भीती अगदी खरी आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेलं पाणी पिऊ नये. पण दातांवर पट्टे पडतात ते दात हाडात तयार होत असताना, लहानपणी, पोटात गेलेल्या फ्लोराईडमुळे. हिच्या अक्कलदाढा सोडल्या तर बाकी दात तयार झालेले आहेत. पेस्ट फक्त वरून लागते आणि विरघळलेलं खनिज परत बसायला मदत करते. घरातल्या धाकट्या मुलाला मात्र पेस्ट गिळू देऊ नका. त्या बोअरचं पाणी तपासून घ्या आणि पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा.

ब्रश फटीत जात नाही, म्हणून रात्री फ्लॉसचा दोरा. इथल्या मेडिकलमध्ये मिळतो. कसा फिरवायचा ते मुलीला आरशात दाखवलंय, तिला लगेच जमलं. दोरा हिरडीवर आपटायचा नाही, दाढेच्या कडेला चिकटवून वर-खाली घासायचा. शिलाईचा दोरा वापरू नका, हिरडी कापते. डाव्या खालच्या फटीत दोरा दर वेळी अडकून पिंजायला लागला तर मला लगेच कळवा, तिथे पृष्ठभाग फुटला असू शकतो.

काल फ्लोराईडचं वार्निशही लावलं आहे. ते पुन्हा फेब्रुवारीत आणि मे महिन्यात लावू, दहा मिनिटांचं काम आहे. पुढचा एक्स-रे पोळ्यानंतर काढू आणि या प्रिंटशेजारी ठेवून बघू. डाग तेवढाच राहिला तर झीज थांबली असं धरायचं. डाग एक्स-रेत पुसला जाईलच असं नाही. पांढरा थर ओलांडून करड्या भागात शिरला किंवा खड्डा पडला, तर मात्र भरावंच लागेल, आणि तेव्हाही लवकर सापडल्यामुळे छोटंच भरणं होईल.

दुखत नाही म्हणून येणं टाळू नका. या टप्प्यावर दुखत नाहीच. दुखायला लागेपर्यंत कीड बहुतेक नसेजवळ पोचलेली असते, आणि मग रूट कॅनालचा खर्च आणि नागपूर-यवतमाळच्या फेऱ्या मागे लागतात.

फेब्रुवारीत येताना ही प्रिंट सोबत आणा. बाजाराच्या दिवशी दवाखाना संध्याकाळी सातपर्यंत उघडा असतो, म्हणजे कापूस घेऊन आलात की त्याच फेरीत मुलीलाही आणता येईल.

तुमची,
दातांची डॉक्टर