विषय : परिवीक्षा कालावधी 31 ऑगस्ट 2026 पर्यंत वाढवण्याबाबत

दिनांक : 27 मे 2026

प्रति,
श्री. प्रसाद पाटील
कनिष्ठ लिपिक (रोख काउंटर), तासगाव शाखा

प्रिय प्रसाद,

तुम्ही 1 डिसेंबर 2025 रोजी रुजू झालात. तुमचा सहा महिन्यांचा परिवीक्षा कालावधी येत्या 31 तारखेला संपतो. नेमणूकपत्राच्या कलम 4 नुसार तो एकदाच, तीन महिन्यांसाठी, म्हणजे 31 ऑगस्ट 2026 पर्यंत वाढवण्यात येत आहे. परवा केबिनमध्ये आपले बोलणे झालेच आहे, तेच आता लेखी देत आहे.

पहिले आणि मोठे कारण रोखीचा ताळमेळ. मार्च ते मे या काळात तुमच्या काउंटरची शिल्लक पाच वेळा जुळली नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी, 18 मार्चला, 2,000 रुपये कमी आले. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याने दिलेले पाचशेचे बंडल ओळखीमुळे न मोजता घेतले गेले आणि त्यात 96 च नोटा निघाल्या. त्यांनी पाडव्यानंतर पैसे आणून दिले, हा त्यांचा चांगुलपणा. मशीन तुमच्या हाताशीच होते. सीझनमध्ये काउंटरवर किती गर्दी असते ते मी वीस वर्षे पाहतो आहे. पण बंडल ओळखीच्या माणसाचे असले तरी मोजूनच घ्यायचे.

त्याहून मला खटकले ते 9 एप्रिलचे. त्या दिवशी 300 रुपये कमी होते आणि ते तुम्ही स्वतःच्या खिशातून भरून शिल्लक जुळवलीत. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, हे स्पष्ट लिहितो. पण अशाने चूक कुठे झाली ते कधीच सापडत नाही, आणि तपासणीत ही गोष्ट फार वेगळी दिसते. रोख कमी येवो वा जास्त, रजिस्टरला नोंद झालीच पाहिजे.

दुसरे कारण खाते उघडण्याचे फॉर्म. तुमच्याकडून आलेल्या 41 फॉर्मपैकी 14 अपुरे होते. कुठे वारसनोंद राहिली, कुठे सही पडताळलेली नाही. एका आजींना ठेवपावतीवरच्या वारसनोंदीसाठी पुन्हा एसटीने यावे लागले, तेही मे महिन्याच्या उन्हात. शिवाय सहा महिन्यांत 11 वेळा तुम्ही सव्वादहानंतर आलात. बसची अडचण खरी आहे, पण साडेदहाला काउंटर उघडतो तेव्हा ड्रॉवर लागलेला हवा.

जमेची बाजूही नोंदवतो. पिग्मीच्या नोंदी तुमच्याकडून बिनचूक होतात, एजंटांची तक्रार नाही. एप्रिलमध्ये लेखापरीक्षणाची जुनी व्हाउचर तुम्ही दोन दिवसांत लावून दिलीत. वयस्कर सभासद तुमच्याच खिडकीवर उभे राहतात, हे मी पाहतो. म्हणूनच सेवा थांबवण्याऐवजी मुदत वाढवावी अशी शिफारस मी मुख्य कार्यालयाला केली आणि त्यांनी ती मान्य केली.

आता अपेक्षा. रोखीत फरक आला तर तो त्याच दिवशी, शाखा बंद होण्याआधी, मला सांगून रजिस्टरला लिहायचा. जून ते ऑगस्टमध्ये न नोंदवलेला फरक एकही चालणार नाही आणि नोंदवलेले फरक दोनपेक्षा जास्त नसावेत. दर शनिवारी मी तुमचे त्या आठवड्यातले काही फॉर्म पाहीन, कमी असतील तर सगळे. जुलैपासून शंभरात 95 फॉर्म पहिल्याच वेळी पूर्ण हवेत. उशीर महिन्यातून दोनदा समजून घेईन, त्यापुढे नाही.

पहिले दोन आठवडे ज्येष्ठ रोखपाल तुमच्या शेजारी बसतील. त्यांना विचारायला संकोच करू नका. तेही एके काळी शिल्लक जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेले आहेत.

मधला आढावा शुक्रवार, 10 जुलै रोजी आणि अंतिम आढावा सोमवार, 24 ऑगस्ट रोजी सकाळी 11 वाजता माझ्या केबिनमध्ये होईल. अंतिम आढाव्याला मुख्य कार्यालयातून प्रशासन अधिकारी येतील. निर्णय 31 ऑगस्टपूर्वी लेखी कळवला जाईल. अपेक्षा पूर्ण झाल्यास 1 सप्टेंबरपासून तुम्हाला कायम केले जाईल. न झाल्यास नेमणूकपत्रातील तरतुदीप्रमाणे सूचना देऊन सेवा समाप्त होऊ शकते. तोवर पगार आणि रजा आहेत तशाच राहतील, मात्र वेतनवाढ कायम झाल्यावरच लागू होईल.

यातला एखादा मुद्दा मान्य नसेल तर तुमचे म्हणणे 5 जूनपर्यंत लेखी द्या, ते या पत्रासोबत फाइलला लावले जाईल. पत्र मिळाल्याची सही दुसऱ्या प्रतीवर करावी. सही म्हणजे सगळे मान्य असा अर्थ घेतला जाणार नाही.

आपला,
शाखा व्यवस्थापक, तासगाव शाखा

प्रत : प्रशासन विभाग, मुख्य कार्यालय, वैयक्तिक फाइल