फॅक्ट-चेकिंग प्रॅक्टिकल रिपोर्ट : "दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत"

टास्क असा होता की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक फॉरवर्ड घ्यायचा, तपासायचा आणि काय काय केलं ते लिहून ठेवायचं. मी घेतला मावशीने पाठवलेला फोटो. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढरे निळे हिरवे लाल दिवे आणि खाली "नासाने दिवाळीच्या रात्री काढलेला फोटो".

आधी फोटोचा मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती, बघायला गेले, पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो निघून जातो, त्यामुळे तिथे काहीच मिळालं नाही. मग गूगल लेन्स. अख्खा फोटो टाकला तर नुसती दिवाळीची ग्रीटिंग्ज यायला लागली, कारण कोपऱ्यात पणत्या चिकटवलेल्या होत्या, मग पणत्या आणि कॅप्शन क्रॉप करून फक्त नकाशा टाकला तेव्हा कुठे जुने रिझल्ट दिसले. तोच क्रॉप टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाकून Oldest ने सॉर्ट केला. इथली तारीख म्हणजे टिनआयला तो फोटो पहिल्यांदा कधी सापडला ती, फोटो कधी बनला ती नव्हे. रफ वहीत मी हे आधी उलटं लिहिलेलं, नंतर सुधारलं.

बहुतेक साइट्सवर फोटो दिवाळीच्याच नावाने होता पण नासाची लिंक एकानेही दिलेली नव्हती, सगळ्यांनी एकमेकांचंच उचललेलं. अशा रिव्हर्स इमेज सर्चने फोटो कुठे कुठे फिरला ते कळतं, तो कशाचा आहे ते मूळ कॅप्शन सापडल्याशिवाय ठरत नाही, आणि माझ्या मते या प्रॅक्टिकलमध्ये खरं काम तिथेच होतं.

म्हणून ज्यांचं नाव घेतलंय त्यांच्याकडेच गेले. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीच्या साइटवर २०१२ मध्येच याचा खुलासा केलेला आहे. हा एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकेच्या डीएमएसपी या लष्करी हवामान सॅटेलाइट्सच्या डेटावरून नोआ या तिथल्याच सरकारी हवामान आणि समुद्र संस्थेचे शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये लोकसंख्येची वाढ दाखवायला बनवलेला तो नकाशा आहे. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ ला, हिरवे १९९८ ला आणि लाल २००३ ला नव्याने दिसलेले. त्याच पानावर सुओमी एनपीपी सॅटेलाइटने १२ नोव्हेंबर २०१२ ला, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीतच टिपलेला खरा फोटो आहे, त्यात असे रंगीत दिवे नाहीत, आणि दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून बहुधा कळणारही नाही असं त्यांनीच लिहिलंय.

निष्कर्ष : डेटा खरा, दावा खोटा. कॅटेगरी "चुकीचा संदर्भ". "फेक फोटो" असा शिक्का मी मुद्दाम मारलेला नाही, कारण नकाशात मुळात कोणी खाडाखोड केलेली नाही.

ग्रुपवर लिंक टाकली. मावशीने विचारलं, "मग आपलं सोलापूर त्यात कुठे गं?" फॉरवर्ड होऊन होऊन फोटो फुटलेला, म्हणून तिला २०१२ चा मोठा फोटो डाउनलोड करून पाठवला.